खिडकीपुढचा वेळ कसा मोजायचा?

सरकारी कार्यालयातल्या अनुभवाबद्दल विचारलं की बहुतेक जण एका वाक्यात सांगतात, "फार वेळ लागला." पण कुठला वेळ? जून महिन्यात मुलीच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला काढायला मी एका तहसील कार्यालयातल्या सेतू केंद्रात गेलो, तेव्हा हा वेळ वहीत टिपून ठेवला.

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी रांगेत उभा राहिलो. खिडकीशी पोहोचलो तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि खिडकीवरचं बोलणं चार मिनिटांत आटोपलं. तलाठ्याचा उत्पन्नाचा अहवाल जोडलेला नव्हता, म्हणून अर्ज परत मिळाला. दुसऱ्या दिवशी अहवाल घेऊन गेलो, तर रेशनकार्डाची प्रत हवी होती. तिसऱ्या फेरीत अर्ज घेतला गेला.

रांगेतले पावणेदोन-दोन तास मला तेवढे खटकले नाहीत. जूनमध्ये गर्दी असतेच. खटकल्या त्या दोन वाया गेलेल्या फेऱ्या. रोजंदारीवरच्या माणसाची एकेका फेरीत एकेक दिवसाची मजुरी बुडते. म्हणून खिडकीचा आढावा घेताना मी आधी फेऱ्या मोजतो आणि मग मिनिटं. सूचना स्पष्ट होत्या की नाहीत, हेही फेऱ्यांवरूनच कळतं. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 नुसार सेवांची यादी, मुदत, शुल्क आणि पदनिर्देशित अधिकारी यांची माहिती कार्यालयात लावलेली असायला हवी. तिथे फलक होता, पण कपाटामागे अर्धा झाकलेला, आणि जोडायच्या कागदांची यादी त्यावर नव्हतीच.

मदत मिळाली की नाही, हे ठरवताना गोड बोलण्याला मी फार गुण देत नाही. पहिल्याच वेळी अख्खा अर्ज तपासून "हे दोन कागद कमी आहेत" असं चिठ्ठीवर लिहून दिलं असतं, तर ती मदत. अर्ज घेतल्यावर पोचपावती देणं हीसुद्धा मदतच, आणि ती कायद्यानं द्यायचीच असते. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत पंधरा दिवसांची आहे आणि ती पूर्ण अर्ज मिळाल्यापासून मोजतात. त्यामुळे माझ्या पहिल्या दोन फेऱ्या सरकारी हिशेबात कुठेच नाहीत. कागदावर दाखला वेळेत मिळाला असंच दिसेल.

अभिप्राय लिहिताना खिडकीवरच्या माणसाचं नाव घालू नये असं मला वाटतं. तो कदाचित दुसऱ्याच्या जागी बसलेला असतो, कधी सर्व्हर बंद असतो, आणि फलक कपाटामागे ठेवायचं त्यानं ठरवलेलं नसतं. त्याऐवजी खिडकी क्रमांक, तारीख, आल्याची-गेल्याची वेळ, अर्ज परत आल्याचं कारण आणि पावती मिळाली की नाही, एवढं लिहावं. मी तेवढंच लिहून तहसीलदारांच्या नावानं आवक विभागात दिलं आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतला.