फोटो एकाला दिला, सगळ्यांना नाही: किशोरवयीन मुले, खासगी छायाचित्रे आणि संमती

आपल्याकडे असले प्रकरण पोलीस ठाण्यात जाण्याआधी बहुतेक वेळा विहारात, समाजमंदिरात किंवा एखाद्या कार्यकर्त्याच्या ओसरीवर येते. बाप मान खाली घालून बसलेला असतो, मामा तावातावाने बोलत असतो आणि ज्या मुलीचा फोटो फिरतोय ती घरात कोंडलेली असते. मग पहिला प्रश्न विचारला जातो, "फोटो कुठंय, दाखवा बघू." मला वाटते आपली पहिली चूक तिथेच होते.

खालचे उदाहरण कोणा एका मुलीचे नाही. बीड जिल्ह्यातल्या घरांची जी परिस्थिती आपण सगळे जाणतो, त्यावरून ते जुळवले आहे. मुलगी १६ वर्षांची, अकरावीत. दिवाळीनंतर आईवडील मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला गेलेले, ती आजीजवळ. क्लाससाठी घेतलेला एक स्मार्टफोन तिच्या हातात. क्लासमधला १७ वर्षांचा मुलगा तिच्याशी बोलू लागतो. काही महिन्यांनी तो खासगी फोटो मागतो. ती नाही म्हणते. तो दोन दिवस बोलत नाही, मग लिहितो, "विश्वास नसेल तर राहू दे." ती फोटो पाठवते. तीन आठवड्यांनी भांडण होते. तो आपल्या मोबाइलवर तो फोटो मित्राला 'फक्त दाखवतो'. मित्र दुसऱ्या फोनने स्क्रीनचा फोटो काढतो आणि सात जणांच्या ग्रुपवर टाकतो. त्यातला एक जण इन्स्टाग्रामवर खोटे खाते उघडून तिला मेसेज करतो की आणखी फोटो दे, नाहीतर हा गावच्या ग्रुपवर टाकतो.

इथे संमती कुठे होती आणि कुठे संपली? रुसून, अबोला धरून, प्रेमाची परीक्षा लावून काढलेला होकार हा मुळातच लंगडा असतो. तरी घटकाभर धरू की तिने आपल्या मनाने पाठवला. तो एका माणसाला, एकदा पाहण्यासाठी दिला होता. पुढच्या कोणालाही तिने काही दिलेले नाही. पंचशील रोज म्हणणाऱ्या आपल्या तरुणांना मी हे तिसऱ्या शीलाऐवजी दुसऱ्यावरून समजावते. जे दिलेले नाही ते घ्यायचे नाही, हे आपण पैशाअडक्यापुरतेच धरून बसलो आहोत. फॉरवर्ड करणारा प्रत्येक हात न दिलेली वस्तू घेत असतो.

कायदाही हेच सांगतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये (पूर्वी ते भारतीय दंड विधानात ३५४-क होते, इंग्रजीत ३५४-सी) स्पष्टीकरण आहे की स्त्रीने छायाचित्र काढू देण्यास संमती दिली, पण ते तिसऱ्या माणसापर्यंत पोचवण्यास दिली नाही, तर ते पोचवणे हा गुन्हाच आहे. "तिनंच तर पाठवला होता" हे गावातले लाडके वाक्य कायद्यापुढे उभे राहत नाही.

मुलगी १८ वर्षांखालची असली की मामला आणखी गंभीर होतो. पॉक्सो कायदा आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७-ब (इंग्रजीत ६७-बी) तिच्या संमतीचा प्रश्नच विचारत नाहीत. बालकाचे लैंगिक स्वरूपाचे चित्र तयार करणे, पाठवणे, गोळा करणे, डाऊनलोड करणे हे सगळे ६७-ब मध्ये येते. पहिल्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. इथे एक टोचणारी गोष्ट मुलामुलींना आधीच सांगितली पाहिजे. दोघेही अल्पवयीन आणि दोघांचीही मर्जी असली तरी आपल्या कायद्यात त्यांना सूट देणारी वेगळी तरतूद नाही. १७ वर्षांचा मुलगा तुरुंगात जात नाही, त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते, पण जाते. मला स्वतःला ही उणीव वाटते. धमकावणारा आणि नादान वयात चुकलेला यांत कायद्याने फरक करायला हवा. पण तो होईपर्यंत आपल्या पोरांना खरी स्थिती माहीत असलेली बरी.

आता कार्यकर्त्यांकडे येते. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ रोजी 'जस्ट राइट्स फॉर चिल्ड्रेन अलायन्स विरुद्ध एस. हरीश' या खटल्यात सांगितले की असे साहित्य नुसते जवळ बाळगणेही, परिस्थितीवरून हेतू दिसत असेल तर, पॉक्सोच्या कलम १५ खाली गुन्हा ठरू शकते. म्हणून "पुरावा म्हणून मला पाठव" असे कोणत्याही कार्यकर्त्याने, शिक्षकाने, सरपंचाने म्हणू नये. तुमचा हेतू चांगला असेल, पण तुमच्या फोनमध्ये ती आणखी एक प्रत तयार झाली. व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो गॅलरीत जातो, गॅलरीतून गुगल फोटोजच्या बॅकअपला जातो, आणि तो फोन दुरुस्तीला किंवा जुन्या बाजारात गेला की पुढे कोणाच्या हाती लागेल सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट बैठकीची. दोन्ही घरे बोलावून, मुलाला दोन थोबाडीत मारून, माफीनामा लिहून घेऊन प्रकरण 'मिटवणे' आपल्याला शहाणपणाचे वाटते. पॉक्सोचे कलम १९ सांगते की असा गुन्हा ज्याला कळला त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे, आणि कलम २१ खाली न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे. बालकाला ही शिक्षा नाही, बैठकीला बसलेल्या मोठ्यांना आहे. शिवाय बैठकीत ठरते काय? बहुतेक वेळा मुलीची शाळा बंद आणि हंगाम संपायच्या आत तिचे लग्न. बालविवाहासाठी आधीच बदनाम झालेल्या आपल्या जिल्ह्यात एक फोटो हे लग्नाचे नवे कारण बनते. फोटो फिरवणारा बारावीची परीक्षा देतो आणि जिचा फोटो ती कोयत्यावर जाते. याला मिटवणे म्हणायचे का?

मग करायचे काय? वरच्या उदाहरणातली मुलगी तुमच्याकडे आली असे धरा. आधी तिचा फोन तिच्याकडेच राहू द्या, हिसकावून घेऊ नका आणि चॅट पुसू देऊ नका. धमकीचे मेसेज, खोट्या खात्याचे नेमके नाव, मोबाइल नंबर, तारीख आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट तिच्याच फोनमध्ये घ्या. त्यात खासगी फोटो यायची गरज नाही. ते झाल्यावरच खाते ब्लॉक करा, कारण आधी ब्लॉक केले तर कधी कधी खात्याचा माग हातातून जातो. धमकावणाऱ्याला आणखी फोटो किंवा पैसे देऊ नयेत. एकदा दिले की मागणी थांबत नाही, वाढते.

तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. 'आमची हद्द नाही' हे कारण चालत नाही. cybercrime.gov.in या पोर्टलवर महिला व बालकांविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी वेगळा विभाग आहे आणि तिथे नाव न देताही माहिती कळवता येते. १०९८ ही बालकांची हेल्पलाइन आहे. व्हिडिओ कॉल रेकॉर्ड करून पैसे उकळण्याचा प्रकार असेल तर १९३० ला लगेच फोन करावा. यात मुलगेही मोठ्या संख्येने अडकतात आणि लाजेने गप्प बसतात. खासगीपणाचा भंग करणारे कलम ६६-ई मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. मुलीचा जबाब घरी किंवा तिला हव्या त्या जागी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. हे कलम २४ मध्ये आहे, तिथे हक्काने मागा. मुलगी अनुसूचित जातीची आणि आरोपी त्या बाहेरचा असेल तर अॅट्रॉसिटी कायद्याची कलमे लागतात का हे तक्रारीच्या वेळीच पाहून घ्या, कारण मग तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो. तिचे नाव, गाव, शाळा, बापाचे नाव कोणत्याही निषेधाच्या पोस्टमध्ये किंवा निवेदनाच्या फोटोत येता कामा नये. कलम २३ ते मना करते. 'आमच्या भगिनीला न्याय द्या' म्हणत तिची ओळख आपणच गावभर केल्याची उदाहरणे कमी नाहीत.

फोटो काढून टाकण्यासाठी takeitdown.ncmec.org ही मोफत सोय आहे, १८ वर्षांखाली काढलेल्या फोटोंसाठी. मुलगी आपल्याच फोनवर फोटो निवडते, त्यावरून आकड्या-अक्षरांचा एक ठसा तयार होतो. फोटो फोनबाहेर जात नाही, फक्त ठसा जातो, आणि इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅटसारख्या सहभागी कंपन्या तो जुळवून फोटो हटवतात. १८ वर्षांवरील व्यक्तींसाठी stopncii.org आहे. प्रत्येक अॅपवर 'रिपोर्ट'ही करावे. २०२१ च्या आयटी नियमांत पीडितेच्या तक्रारीनंतर असा मजकूर हटवण्याची मुदत २४ तासांची ठेवली गेली.

मात्र मर्यादा लपवून चालणार नाही. कापलेल्या किंवा बदललेल्या फोटोचा ठसा जुळेलच असे नाही. व्हॉट्सअॅपचे खासगी संदेश कूटबद्ध असल्याने तिथे ठसा चालत नाही. 'एकदाच बघा' असा पाठवलेला फोटोही दुसऱ्या फोनने टिपता येतो, आणि 'सगळ्यांसाठी डिलीट' केले तरी आधीच साठवलेली प्रत जात नाही.

२००४ साली दिल्लीत दोन शाळकरी मुलांची मोबाइलवरची खासगी क्लिप पसरली. त्या वेळी ना व्हॉट्सअॅप होते ना इन्स्टाग्राम. तरी नोव्हेंबरमध्ये खरगपूरच्या आयआयटीतल्या एका विद्यार्थ्याने ती बाझी डॉट कॉमवर १२५ रुपयांना विकायला ठेवली. डिसेंबरमध्ये कंपनीच्या प्रमुखालाही अटक झाली. आयटी कायद्यात ६६-ई आणि ६७-ब ही कलमे त्यानंतर २००८ च्या दुरुस्तीने आली. त्या प्रकरणातल्या कंपनीच्या एका व्यवस्थापकावरचा खटला सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला तो डिसेंबर २०१६ मध्ये. म्हणजे ती मुले शाळा, कॉलेज संपवून तिशीकडे झुकली तरी क्लिप कोर्टाच्या कागदांत होतीच.

आपल्या उदाहरणातल्या सात जणांच्या ग्रुपमध्ये सहा जणांनी काहीच केले नाही. कोणी पाहिला, कोणी हसण्याची इमोजी टाकली, कोणी फक्त ठेवून दिला. त्यातल्या एकाने तो पुढे न पाठवता पुसला असता आणि त्याच संध्याकाळी एखाद्या ताईला सांगितले असते, तर धमकीचा मेसेज यायच्या आधीच पोलिसांना कळले असते. रविवारच्या वंदनेनंतर विहारात पोरांशी बोलायचे असेल तर मी मुलीला काय शिकवावे इथून सुरुवात करत नाही. या सहा जणांपासून करते. त्यांना विचारते, फोटो तुझ्या फोनवर आला, आता तुझा अंगठा कुठे जाणार?