अनुवादकाचा लिंक्डइनवरचा परिचय

लिंक्डइनवर प्रत्येकाच्या पानावर About हा परिचयाचा भाग असतो. त्यात २,६०० अक्षरे मावतात, पण पान उघडल्यावर सुरुवातीच्या काही ओळीच दिसतात. पुढचे वाचायला क्लिक करावे लागते. कंपन्यांची कामे शोधणाऱ्या स्वतंत्र अनुवादकाने म्हणूनच सगळ्यात जास्त मेहनत या ओळींवर घ्यावी.

इंग्रजीतून मराठीत वैद्यकीय अनुवाद करणाऱ्या एखाद्या अनुवादिकेचे उदाहरण घेऊ. ‘भाषांची मनापासून आवड, दर्जेदार आणि वेळेत काम’ अशी सुरुवात हजारो जण करतात, आणि त्यातले काहीच कंपनीला पडताळून पाहता येत नाही. त्याऐवजी असे लिहिता येईल: ‘इंग्रजीतून मराठीत वैद्यकीय अनुवाद. औषधांच्या चाचण्यांसाठी रुग्णांची संमतीपत्रे, माहितीपत्रके आणि प्रश्नावल्या. मातृभाषा मराठी, अनुभव आठ वर्षे.’ यात अनुवादाची दिशा स्पष्ट आहे. नुसते ‘इंग्रजी-मराठी’ लिहिले तर ती कळत नाही, आणि व्यावसायिक अनुवादक सहसा मातृभाषेतच अनुवाद करतात. कागदपत्रांची नावेही नेमकी आहेत. चाचणीत भाग घेणाऱ्याला समजेल अशा भाषेत संमतीपत्र द्यावे लागते, त्यामुळे चाचण्या घेणाऱ्या कंपन्यांना हे काम वारंवार लागते. त्यांचे कर्मचारी शोध बहुधा इंग्रजीत घेतात, म्हणून प्रत्यक्ष परिचयही इंग्रजीत लिहिणे सोयीचे.

त्याखालच्या मजकुरात काम कसे होते ते यावे. संमतीपत्राचा मराठी मसुदा दुसऱ्या अनुवादकाकडून पुन्हा इंग्रजीत करून घेऊन मुळाशी ताडून पाहण्याची पद्धत या क्षेत्रात रूढ आहे. ती माहीत असल्याचे एका वाक्यात सांगितले, तरी वाचणाऱ्याला समोरची व्यक्ती जाणकार वाटते. ISO 17100 हे अनुवादसेवेचे २०१५ चे मानक अनुवाद दुसऱ्या व्यक्तीने तपासावा अशी अट घालते. अनुवादिकेसोबत असा तपासनीस असेल तर तसे लिहावे, मात्र रीतसर प्रमाणपत्र नसताना मानकाचा शिक्का स्वतःला लावू नये. ट्रॅडोस किंवा मेमोक्यू यांपैकी वापरात असलेले सॉफ्टवेअर आणि दिवसाला साधारण २,००० शब्द अशी खरी क्षमता एवढे तपशील पुरेत. दिवसाला दहा हजार शब्दांचा दावा केला की तपासणी होत नसावी, अशी शंका जाणकाराला लगेच येते.

दोन चुका विशेष महागात पडतात. पहिली म्हणजे कायदा, जाहिरात, तंत्रज्ञान, साहित्य असे सगळेच विषय आणि चार-पाच भाषा मांडणे. तसे केले की वैद्यकीय कामासाठी आलेला ग्राहक पुढे निघून जातो. दुसरी चूक ग्राहकांची नावे देण्याची. गोपनीयतेचा करार असेल तर परवानगीशिवाय नाव देता येत नाही, आणि दिलेच तर नव्या कंपनीलाही आपले नाव असेच उघड होईल अशी धास्ती वाटते. ‘एका औषध कंपनीसाठी मधुमेहावरील चाचणीची संमतीपत्रे’ एवढा उल्लेख पुरतो, आणि तोही करार आड येत नसेल तरच.

शेवटच्या ओळीत ईमेल द्यावा आणि फाईल, शब्दसंख्या व हवी असलेली तारीख कळवल्यास कामकाजाच्या एका दिवसात अंदाजपत्रक मिळेल, असे लिहावे.