२०२०-२१ मधलं वीस की एकवीस? प्रवेशाचं वर्ष कसं वाचायचं

(ऑडिओ भागाचं वाचनासाठी नीट केलेलं लेखी रूप)

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, आणि लोकलमध्ये कानात इअरफोन घालून आपल्याला ऐकणारे बाकी सगळे, तुमचं स्वागत. आजचा विषय एका छोट्याशा आडव्या रेघेचा आहे. फी पावतीवर, बोनाफाईडवर, शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर ‘शैक्षणिक वर्ष २०२४-२५’ असं छापलेलं असतं ना, ती मधली रेघ. आणि तिच्या पुढचा प्रश्न असतो ‘प्रवेशाचं वर्ष?’ तिथे एकच वर्ष लिहायला जागा असते. मग २०२४ लिहू की २०२५?

उत्तर एका वाक्यात सांगतो: पहिलं लिहायचं. पण ते का, आणि पावतीवरची तारीख वेगळंच सांगत असेल तर काय, हे कळलं नाही तर हे उत्तर ऐन वेळी डोक्यातून निसटतं. म्हणून जरा सावकाश बघू.

दोन आकडे, पण वर्ष एकच

२०२४-२५ म्हणजे दोन वर्षं नव्हेत. आपल्याकडे शाळा-कॉलेज जूनच्या आसपास सुरू होतं आणि पुढच्या एप्रिल-मेपर्यंत चालतं. मध्ये ३१ डिसेंबर येतो, भिंतीवरचं कॅलेंडर बदलतं, पण वर्ग तोच, हजेरीपट तोच, रोल नंबर तोच. या एका सलग वर्षाचे पाय दोन कॅलेंडरांत पडतात, म्हणून नावात दोन आकडे. पहिला आकडा सांगतो वर्ष सुरू कधी झालं, दुसरा सांगतो संपलं कधी.

अंबरनाथच्या एमआयडीसीत घरातलं कुणी रात्रपाळी करत असेल तर हे पटकन कळेल. दहा तारखेच्या रात्री पाळी सुरू झाली, अकराच्या सकाळी सुटली. हजेरी सहसा दहा तारखेची लागते. कुणी उशिरा, रात्री एक वाजता पोचला, तर घड्याळात अकरा तारीख असते. तरीही तो दहाच्याच पाळीला उशिरा आला, अकराच्या पाळीला लवकर नाही आला! शैक्षणिक वर्षाचं अगदी हेच आहे. तुम्ही दारातून आत कधी आलात यावर नाही, कुठल्या पाळीत बसलात यावर तुमचं वर्ष ठरतं.

ज्या वर्षी तारीख खरंच फिरली

एरवी हा घोळ फारसा होत नाही, कारण प्रवेश जून ते ऑगस्टमध्ये होतो आणि पावतीवरची तारीख व वर्षाचा पहिला आकडा जुळतो. पण २०२०-२१ मध्ये ते जुळलं नाही. त्या बॅचच्या मुलामुलींना ही गोष्ट आजही फॉर्म भरताना आडवी येते.

आठवा. मार्च २०२० मध्ये दहावीची परीक्षा सुरू होती. लॉकडाऊन लागला आणि भूगोलाचा पेपर रद्द झाला. निकाल लागला २९ जुलैला. अकरावीची ऑनलाइन प्रवेश प्रक्रिया सुरू झाली. मुंबई महानगर क्षेत्राच्या या प्रक्रियेत तेव्हा आपली ही तिन्ही शहरं येत होती. पहिली यादी लागली. ९ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाला अंतरिम स्थगिती दिली आणि दुसरी यादी अडकली. ती लागली थेट डिसेंबरात. त्यानंतरच्या फेऱ्या जानेवारी २०२१ मध्येही चालूच होत्या.

आता समजा बदलापूरची एक मुलगी आहे. पहिल्या यादीत नाव नाही, दुसऱ्या यादीत मनासारखं कॉलेज नाही, शेवटी जानेवारी २०२१ मध्ये तिला उल्हासनगरच्या एका कॉलेजात अकरावी कॉमर्सला प्रवेश मिळाला. फी पावतीवर तारीख जानेवारी २०२१ ची. पण त्याच पावतीवर वरच्या बाजूला छापलंय: शैक्षणिक वर्ष २०२०-२१.

तिचं प्रवेशाचं वर्ष कुठलं? २०२०. कारण ती ज्या वर्गात बसली तो जून २०२० पासूनच्या वर्षाचा वर्ग होता. ती उशिरा आली, एवढंच.

चुकलं तर काय होतं?

आता तीच मुलगी पावतीवरची तारीख बघून ‘२०२१’ लिहिते असं धरा. फॉर्म तपासणारा माणूस तिला ओळखत नाही. त्याच्यासमोर फक्त आकडे आहेत. त्याला दिसतं ते असं: दहावी मार्च २०२०, अकरावीला प्रवेश २०२१. म्हणजे मधलं एक वर्ष ही घरी होती. लगेच प्रश्न येतो, गॅप का? गॅपचं कारण द्या, गॅपचं प्रमाणपत्र जोडा. जो गॅप पडलाच नाही त्याचं प्रमाणपत्र आणायचं कुठून?

दुसऱ्या टोकालाही बिघडतं. अकरावीला २०२१ चा प्रवेश म्हणजे २०२१-२२ ला अकरावी, २०२२-२३ ला बारावी, म्हणजे बोर्डाची परीक्षा २०२३ ला हवी. तिच्या बारावीच्या गुणपत्रिकेवर मात्र २०२२ आहे. दोन वर्षांची अकरावी-बारावी एका वर्षात झाल्यासारखी दिसते. अर्ज ‘दुरुस्त करा’ म्हणून परत येतो, आणि तेवढ्यात अर्जाची शेवटची तारीख निघून गेली तर त्या वर्षीच्या शिष्यवृत्तीचं काय होणार ते वेगळं सांगायला नको.

आता योग्य मोजणी करून बघू. कागद-पेन घ्या, किंवा मोबाईलच्या नोट्समध्ये लिहा:

२०१९-२० दहावी
२०२०-२१ अकरावी
२०२१-२२ बारावी
२०२२-२३ एफवाय
२०२३-२४ एसवाय
२०२४-२५ टीवाय

बघा कसं बसतं. प्रत्येक ओळीचा दुसरा आकडा पुढच्या ओळीचा पहिला होतो. कुठेही उडी नाही, कुठेही एक वर्ष दोनदा नाही. आणखी एक गंमत लक्षात येईल: परीक्षा नेहमी दुसऱ्या आकड्याच्या वर्षात होते. बारावी २०२१-२२, परीक्षा मार्च २०२२. म्हणून ‘उत्तीर्ण झाल्याचं वर्ष’ विचारलं की दुसरा आकडा, आणि ‘प्रवेशाचं वर्ष’ विचारलं की पहिला. (परीक्षा पुरवणीत किंवा नंतर सुटली असेल तर मात्र उत्तीर्ण वर्ष गुणपत्रिकेवरूनच घ्यायचं, मोजून नाही.)

तुमची स्वतःची अशी शिडी एकदा करून ठेवा. खरंच गॅप असेल, एखादं वर्ष राहिलं असेल, तर शिडीत तिथे तो दिसू दे. तो खरा आहे, त्याचा कागदही तुमच्याकडे असेल. पण शिडीत नसलेला गॅप फॉर्मवर दिसत असेल, तर कुठेतरी तारखेला वर्ष समजलं गेलंय.

उलटी बाजू: आधी झालेला प्रवेश

उशिरा झालेल्या प्रवेशाचं पाहिलं. लवकर झालेल्याचंही असतं. घरात लहान भाचा-भाची असेल तर आरटीईच्या २५ टक्के जागांचा फॉर्म तुम्हालाच भरायला सांगतात, कारण घरात मोबाईल सगळ्यांत जास्त तुम्हाला कळतो! २०२५-२६ साठीचे हे अर्ज जानेवारी २०२५ मध्येच सुरू झाले. तेव्हा शाळेत वर्ष कुठलं चालू होतं? २०२४-२५. पण अर्ज पुढच्या पाळीचा. म्हणून प्रवेशाचं वर्ष २०२५-२६.

इथे पहिल्या आकड्यावर आणखी एक गोष्ट लटकलेली आहे, ती म्हणजे वय. महाराष्ट्रात पहिलीसाठी मुलाचं वय त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला सहा पूर्ण लागतं. ‘त्या वर्षीच्या’ म्हणजे पहिल्या आकड्याच्या. २०२५-२६ साठी ३१ डिसेंबर २०२५. म्हणजे जन्म ३१ डिसेंबर २०१९ किंवा त्याआधीचा हवा. कुणी चुकून दुसरा आकडा धरला तर हिशोब पूर्ण एक वर्षाने सरकतो, आणि जानेवारी २०२० मध्ये जन्मलेलं बाळ बसतंय असं वाटतं. ते बसत नाही, ते पुढच्या वर्षीचं.

सारखंच दिसणारं दुसरं वर्ष

आता एक फसवा कागद. तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला. उल्हासनगरकरांसाठी उल्हासनगर तालुका. अंबरनाथ आणि बदलापूर दोन्हींसाठी अंबरनाथ तालुका. त्या दाखल्यावरही २०२३-२४ असंच जोडलेलं वर्ष असतं. पण ते आर्थिक वर्ष: १ एप्रिल ते ३१ मार्च. दिसायला जुळं भावंडं, पण जन्मतारीख वेगळी.

२०२४-२५ च्या शिष्यवृत्तीला २०२३-२४ च्या उत्पन्नाचा दाखला लागतो, कारण चालू वर्षाची कमाई अजून पूर्णच झालेली नसते. त्यामुळे दोन कागदांवर वेगळं वर्ष दिसलं म्हणून घाबरून फॉर्मवरचं शैक्षणिक वर्ष बदलू नका. दाखल्याचं वर्ष एक पाऊल मागे असणं बरोबरच आहे. बघायचं ते एवढंच, की दाखल्यावर खाली लिहिलेली वैधतेची ३१ मार्च उलटून गेलेली नाही ना.

‘बॅच २०२२-२५’ म्हणजे?

हीच रेघ तिसऱ्या अर्थानेही येते. आकड्यांतला फरक बघा. फरक एकचा असेल, २०२४-२५, तर बहुधा शैक्षणिक वर्ष. फरक तीनचा असेल, २०२२-२५, तर ती बॅच: आत आलात २०२२ ला, बाहेर पडलात २०२५ ला. तिथेही प्रवेशाचं वर्ष पहिलंच.

आणि शेवटचा मुद्दा, जो एसवाय-टीवायवाल्यांना हमखास नडतो. प्रवेशाचं वर्ष दरवर्षी बदलत नाही. तुम्ही २०२४-२५ ला एफवायला आलात, आता २०२५-२६ ला एसवायची फी भरलीत. फॉर्मवर ‘चालू शैक्षणिक वर्ष’ २०२५-२६. पण ‘या अभ्यासक्रमातला प्रवेश’ अजूनही २०२४. टीवायलाही २०२४च. दुसऱ्या वर्षाची फी भरणं म्हणजे नवा प्रवेश नव्हे. तिथे २०२५ लिहिलंत तर तुम्ही कागदोपत्री पुन्हा एफवायला!

तर फॉर्म उघडलात की आधी प्रश्न काय विचारतोय ते वाचा. तारीख विचारली असेल तर पावतीवरची किंवा लिव्हिंग सर्टिफिकेटवरची खरी तारीख टाका, जानेवारी असली तरी. शैक्षणिक वर्ष विचारलं असेल तर दोन्ही आकडे जसे छापलेत तसे. आणि फक्त वर्ष विचारलं असेल तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या पावतीवरच्या जोडवर्षाचा पहिला आकडा. तारीख आणि वर्ष एकमेकांशी जुळत नाहीत असं वाटलं, तर कॉलेजच्या ऑफिसातून बोनाफाईड घ्या आणि त्यावर शैक्षणिक वर्ष स्पष्ट लिहून मागा. तपासणाऱ्याला तारीख उशिराची का आहे हे त्या एका ओळीतून कळतं.

कुणाच्या शिडीत एखादी पायरी बसत नसेल तर दहावीपासूनच्या ओळी लिहून आम्हाला पाठवा. नाव नको, कॉलेज नको, फक्त वर्षं. पुढच्या भागात त्यातल्या दोन-तीन सोडवून दाखवू. भेटू!