माले गावात कोरेगावचा चर नको

‘पाणी वाचवा’ सांगणारे प्रबोधनपट शोधून पाहायचा मला जुना नाद. बहुतेकांचा साचा एकच: भेगाळलेलं रान, आभाळाकडे बघणारा म्हातारा, शेवटी शाळकरी पोरांची प्रभातफेरी. पानी फाउंडेशनने हा साचा मोडला. २०१६ साली वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत वॉटर कप स्पर्धा सुरू झाली, तेव्हा प्रशिक्षणपटांनी उपदेश बाजूला ठेवून काम कसं करायचं ते दाखवलं. पण तीच पटकथा मुळशी धरणाजवळच्या माले गावात चालेल का?

साधा हिशेब करू. अशा पटांत दाखवलेला सलग समतल चर ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल घेतला, तर मीटरभर लांबीत १८० लिटर पाणी मावतं. दोन चरांत १० मीटर अंतर ठेवलं आणि उतारावरचं सगळं पाणी वाहून आलं असं धरलं, तर १८ मिलिमीटर पावसात तो काठोकाठ भरतो. दुष्काळी भागात एवढी सर म्हणजे पर्वणी. मुळशीच्या घाटाकडे जुलैत एका दिवसात १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस होतो. मग पाणी बांधाच्या सगळ्यात खालच्या जागेतून फुटतं आणि तिथून घळ पडते. म्हणूनच जास्त पावसाच्या उतारावर सलग चराऐवजी तुटक चर घेतात. पटकथालेखकाला हे ठाऊक नसेल, तर त्याचा चित्रपट डोंगराची माती खाली आणेल.

या भागाच्या पटकथेचा नायक झराच हवा. सच्छिद्र खडकातून मुरलेलं पाणी खालच्या घट्ट थराला अडतं आणि डोंगराच्या कुशीतून बाहेर पडतं. मी पहिला प्रसंग असा लिहीन: नोव्हेंबरात एक बाई १५ लिटरची बादली झऱ्याखाली धरते, मुलगी घड्याळ बघते. एक मिनिट. मे महिन्यात तीच बादली, तीच मुलगी. आता चार मिनिटं. निवेदक नको, मुलीनेच पाटीवर गुणाकार करावा: दिवसाला ५,४०० लिटर. माणशी ५५ लिटर धरले तर ९८ माणसांचं पाणी. मग रात्री झऱ्यावर कोणी नसताना वाहून जाणारं पाणी दाखवावं, आणि त्याखाली बांधलेली छोटी टाकी. झरा वाढला नाही, तरी पहाटेची रांग मोडते. टाकीने मात्र आटलेला झरा परत येत नाही. त्यासाठी वरचं पाणलोट राखावं लागतं, हेही पडद्यावर सांगायला हवं.

एक गोष्ट गाळता येणार नाही. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, इथल्या मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला. पुढे सेनापती बापटांनी तो चालवला. धरण झालंच, आणि त्याचं पाणी वीज करण्यासाठी सह्याद्रीखाली भिऱ्याला उतरतं. ज्यांच्या आजोबा-पणजोबांच्या जमिनी बुडाल्या, त्यांना ‘थेंब थेंब वाचवा’ असं शहरी आवाजात सांगणं हा उद्धटपणा आहे.

तेव्हा पटकथा लिहायला बसणाऱ्यांनो, आधी एका उन्हाळ्यात झऱ्यावर बादली आणि घड्याळ घेऊन जा. संवाद नंतर लिहा.