पडद्याआडचा मनीप्लांट

एप्रिलमध्ये पश्चिमेच्या खिडकीतल्या मनीप्लांटच्या पानांवर तपकिरी, कागदासारखे कोरडे डाग पडले. दुपारच्या उन्हाने पानं करपली होती, म्हणून खिडकीला पांढरा झिरझिरीत पडदा लावला. नवे डाग पडायचे थांबले. जूनअखेर मात्र खालची पानं एकेक करून पिवळी पडू लागली, कुंडीभोवती बारीक चिलटं दिसू लागली. झाड मलूल झालं की मी आणखी पाणी घालायचे. पण माती ओलीच होती, तहान नव्हतीच.

असा पडदा किती उजेड अडवतो, हे डोळ्यांना कळत नाही. उजेड निम्मा झाला तरी बाहुली मोठी होते आणि खोली आपल्याला तेवढीच उजळ वाटते. झाडाचं तसं नसतं. उजेड आणि ऊब कमी झाली की पानांतून उडून जाणारं पाणी घटतं, मुळं ते कमी ओढतात आणि माती जास्त दिवस ओली राहते. ओल्या मातीत हवा खेळत नाही, मुळं कुजतात. कुजलेली मुळं पाणी शोषू शकत नाहीत, म्हणून भिजलेल्या मातीतही झाड तहानल्यासारखं माना टाकतं. फसगत होते ती इथेच.

झाड कुंडीतून काढलं तेव्हा अर्धी मुळं काळी, बुळबुळीत होती. ती कापून टाकली आणि कोकोपीटमध्ये जाडसर वाळू मिसळून झाड नव्याने लावलं. मग स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजनाची नोंद ठेवू लागले. पाणी घालून निथळलेली कुंडी १४०० ग्रॅम भरली. वरची दोन इंच माती कोरडी व्हायला, म्हणजे वजन १०५० ग्रॅमवर यायला, पडद्याआड नऊ दिवस लागले. पूर्वी मी दर तिसऱ्या दिवशी पाणी घालत होते! काटा नसेल तर कुंडी उचलून पाहावी. आठवडाभरात हाताला अंदाज येतो. मात्र घालायचं तेव्हा पाणी खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत घालावं आणि ताटलीत साचलेलं ओतून द्यावं. घोट घोट पाणी रोज घातलं तर वरची माती कायम ओली राहते आणि चिलटांचं फावतं.

वाढही बदलते. दोन पानांमधलं अंतर वाढलं, नवी पानं आधीच्यापेक्षा लहान आली किंवा पानांवरचे पिवळे पट्टे पुसट होऊन हिरवा रंग वाढला, तर उजेड कमी पडतोय असं समजावं. खत वाढवून तो भरून निघत नाही. अशा वेळी मी खत निम्मं करते आणि कुंडी काचेच्या वीतभर जवळ सरकवते. बंद काचेला पान टेकू मात्र देत नाही, उन्हाळ्यात तापलेल्या काचेने ते भाजतं. पावसाळ्यात आभाळ भरलेलं असताना पडदा दिवसभर बाजूला असतो आणि ऑक्टोबरचं ऊन तापू लागलं की दुपारी बारा ते चार पुन्हा ओढला जातो.