एक ओळ म्हणजे एक ताट नव्हे

लग्नाला आठ दिवस उरले की केटररचा फोन येतो, "आकडा किती धरू?" घरात आमंत्रितांची नोंद असते, पण ती असते भाचीने केलेल्या गूगल फॉर्ममध्ये. भाची ऑफिसात, म्हणून ती त्या शीटचे स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवर टाकते. कोणीतरी शेवटच्या ओळीचा क्रमांक बघतो, तोंडी हिशेब करतो आणि सांगतो, "अडीचशे धरा." ही अडीचशे ताटं आली कुठून, हे सांगणाऱ्यालाही सांगता येत नाही.

नाशिकच्या एका मंगल कार्यालयातलं दुपारचं लग्न उदाहरणादाखल घेऊ. शीटमध्ये ९२ उत्तरं आहेत आणि त्यांचे चार स्क्रीनशॉट आलेत. रकाने पाच: नाव, येणार का, मोठी माणसं, मुलं आणि जेवणाची आवड.

पहिलं काम बेरजेचं नाही, डाव्या कडेचे ओळींचे क्रमांक वाचण्याचं आहे. ४१ नंतर एकदम ४५ आला, तर मधल्या ओळी फिल्टरमुळे लपल्या आहेत. एका चित्राची शेवटची ओळ पुढच्या चित्रात पुन्हा दिसत असेल, तर ते कुटुंब दोनदा मोजलं जाईल. शिवाय कधी नवरा आणि बायको दोघंही फॉर्म भरतात आणि दोघंही आकडा चारच लिहितात. आपल्या उदाहरणात अशा तीन ओळी निघाल्या. त्या खोडल्यावर ८९ राहिल्या: ६१ 'हो', १४ 'बघू', ९ 'नाही' आणि ५ जणांनी नुसतं नाव लिहून पुढचं कोरं सोडलेलं.

आता ओळींची ताटं करायची. 'हो' म्हणणाऱ्या ६१ घरांत मोठी माणसं १६३ आणि मुलं ३६. त्यातली १४ मुलं पाच वर्षांच्या आतली. ती आईच्या ताटात जेवतील. उरलेल्या २२ मुलांचं अर्धं ताट धरलं, की ११ ताटं होतात. एकूण १७४. पण 'हो' म्हणणारे सगळे येत नाहीत. किती येतात, याचं प्रमाण पुस्तकात शोधू नका, आपल्याच घरच्या मागच्या कार्यात शोधा. साखरपुड्याला ८० जण येतो म्हणाले होते आणि ७२ जेवले, म्हणजे दहात नऊ. त्या हिशेबाने १७४ चे १५७ झाले. 'बघू'वाल्यांची मुलांसकट ३९ ताटं होतात. त्यातली निम्मी, म्हणजे २० धरू. कोऱ्या ओळींमधली माणसं आमंत्रणाच्या यादीवरून १२ निघतात. त्यातली चार धरू. बेरीज १८१.

आता अशी माणसं, जी या शीटमध्ये कधीच नसतात. घरची माणसं फॉर्म भरत नाहीत: वधूवर, आईवडील, आत्या, मामा मिळून १८. भटजी दोन, फोटो आणि व्हिडिओवाले चार, सनई-चौघडावाले चार, गाड्यांचे चालक पाच, असे १५. दोन्ही मिळवले की २१४ ताटं होतात. केटररचा हिशेब शेवटी उष्ट्या ताटांवर होतो आणि त्यात चालकाचं ताटही मोजलं जातं.

२१४ हा अंदाज झाला. केटररला मात्र दोन आकडे द्यायचे असतात. पहिला खात्रीचा: माणसं कमी आली तरी एवढ्या ताटांचे पैसे द्यावेच लागतात, म्हणून तो अंदाजापेक्षा थोडा खाली, २०० ठेवू. दुसरा वरचा, २३०: इतके जण आले तरी कोणी उपाशी जाऊ नये. ताटाचा दर ४५० रुपये धरला, तर खात्रीच्या २०० ताटांचे ९०,००० होतात. बाहेरून येणाऱ्या केटररच्या बिलावर पाच टक्के जीएसटी लागतो. तो धरून ९४,५००. प्रत्यक्षात २२२ ताटं उठली, तर जीएसटीसकट १,०४,८९५ रुपये. म्हणजे पाकिटात वेगळे ठेवायचे पैसे दहा हजारांच्या आसपास आहेत, आणि हे आधी ठाऊक असलं की निरोपाच्या वेळी घासाघीस होत नाही. जास्तीचं ताट त्याच दराने लागेल ना, हे मात्र आधी विचारून घ्यावं. आपल्या बाजूचं एक माणूस ताटांच्या चळतीजवळही ठेवावं. आणलेली किती आणि उरलेली किती, एवढं त्याने टिपलं की पुरे.

ताटांवरून जिन्नस काढताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी: पदार्थ वाढले की प्रत्येकाचं प्रमाण घटतं. मसालेभात, वरणभात, पुरी, दोन भाज्या, जिलेबी आणि मठ्ठा अशा बेताला दोन्ही भात मिळून माणशी १०० ग्रॅम तांदूळ पुरतो. २१४ ताटांना साधारण साडेएकवीस किलो. जिलेबी माणशी १०० ग्रॅम धरली तर तीही तेवढीच. मठ्ठा माणशी २०० मिलिलिटर, म्हणजे ४३ लिटर. २१४ आणि २३० यांच्यातला फरक मात्र शिजवून ठेवायचा नाही, कोरडा ठेवायचा. पुऱ्या आयत्या वेळी लाटता येतात आणि भाताचं आणखी एक पातेलं अर्ध्यापाऊण तासात उतरतं. अळूची भाजी ऐन वेळी वाढवता येत नाही, म्हणून ती आधीच थोडी सढळ करावी.

आता आवडीचा रकाना. इथे 'जैन' असं १७ जणांपुढे आणि 'कांदा-लसूण नको' असं ११ जणांपुढे दिसतं. या दोन मागण्या एक नाहीत. कांदा-लसूण न खाणाऱ्याला बटाट्याची भाजी चालते. जैन ताटात बटाटा, गाजर, आलं यांतलं काहीच चालत नाही. दोघांनाही चालेल अशी एकच भाजी, समजा कोबी-वाटाण्याची, बटाटा आणि आलं न घालता केली, तर वेगळं पातेलं एकच लागतं. दहात नऊच्या हिशेबाने खाणारे २५ होतात, पण ती ४० जणांची करावी. बुफेत समोर दिसणारी भाजी इतर लोकही घेतात. तोंडलीचा मसालेभात कांदा, लसूण आणि आलं न घालता केला, की तोही सगळ्यांना चालतो. मात्र चार माणसांच्या ओळीपुढे 'जैन' असेल, तर चौघंही की एकट्या आजी, हे फोन करूनच कळतं.

स्क्रीनशॉटचा खरा धोका याच रकान्यात असतो. अरुंद चौकटीत लांब मजकूर मावत नाही. "कांदा-लसूण नको, आणि दा" एवढंच चित्रात दिसतं आणि पुढचं कापलेलं असतं. पुढे "दाण्याची ॲलर्जी" असेल, तर आपल्या ताटात ती जपणं सोपं नाही, कारण कोशिंबिरीत कूट असतं आणि अळूत अख्खे दाणे. इथे सरासरी आणि प्रमाण उपयोगाचं नाही. अर्धवट दिसणाऱ्या प्रत्येक चौकटीचा पूर्ण मजकूर भाचीकडून मागवावा, त्या पाहुण्याला फोन करावा आणि त्याचं नाव आचाऱ्याला कागदावर लिहून द्यावं.

हा हिशेब पाच-सहा दिवस आधी करून केटररला कळवावा आणि दोन दिवस आधी 'बघू'वाल्यांना फोन करून पक्का करावा. लग्न झाल्यावर उठलेल्या ताटांचा आकडा त्याच कागदावर २१४ शेजारी लिहून ठेवावा. धाकटीच्या लग्नात दहात नऊ धरायचे की दहात आठ, ते त्यावरूनच ठरेल.