कललेल्या खांबांचं दशक

गेल्या महिन्यात एका ओळखीच्या माणसाने फोनवर काढलेली विसर्जन मिरवणुकीची क्लिप पाठवली. ढोलपथकावरून कॅमेरा झर्रकन फिरवलेला, मागचे खांब तिरके आणि इमारती जेलीसारख्या लटपटणाऱ्या. सोबत निरोप : "दादा, हल्ली हे एका क्लिकमध्ये सरळ होतं ना?" हे काम एका क्लिकमध्ये कधीच झालेलं नाही. पण तसं सांगत फिरणाऱ्यांमुळे आता नीट केलेल्या कामाचे पैसे मागायचीही चोरी झाली आहे.

टेपच्या कॅमेऱ्यांच्या काळाबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. त्यातला सीसीडी सेन्सर अख्खं चित्र एकाच वेळी टिपायचा, त्यामुळे मंडपाचा खांब सरळ तो सरळच यायचा. खरी गंमत 2010 नंतर सुरू झाली. लग्नाच्या आल्बमबरोबर पाहुण्यांच्या फोनवरच्या क्लिपही "यात घाला" म्हणून आमच्या टेबलावर येऊ लागल्या. फोनचा सेन्सर चित्र एका टोकापासून ओळीओळीने वाचत जातो. खालची ओळ वाचेपर्यंत कॅमेरा पुढे फिरलेला असतो, म्हणून उजवीकडे पॅन केला की खांबाचं बूड डावीकडे सरकतं.

2012 साली आफ्टर इफेक्ट्सच्या सीएस6 आवृत्तीत `Rolling Shutter Repair` आलं आणि आम्हाला हायसं वाटलं. त्यात `Rolling Shutter Rate` नावाचा टक्का असतो : एका फ्रेमच्या वेळेपैकी किती वेळ सेन्सर वाचण्यात घालवतो, तो हा आकडा. बहुतेक जण तो मुळातल्या 50 वर ठेवून मोकळे व्हायचे आणि मग सॉफ्टवेअरला शिव्या घालायचे. खरं तर तो मोजता येतो. समजा, क्लिप सेकंदाला 30 फ्रेमची आहे. लागोपाठच्या दोन फ्रेममध्ये लांबचा एक खांब मधल्या उंचीवर 90 पिक्सेल सरकलेला दिसला. एकाच फ्रेममध्ये त्याच खांबाचं वरचं टोक आणि खालचं टोक यांत 63 पिक्सेलचा फरक आहे. खांब फ्रेमच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत दिसत असेल, तर 63 भागिले 90 म्हणजे 70 टक्के. सेन्सरला वाचायला सुमारे 23 मिलिसेकंद लागतात, एवढा त्याचा अर्थ. हा आकडा त्या फोनच्या त्या मोडचा असतो, म्हणून एकदा काढून वहीत लिहून ठेवला की पुढच्या क्लिपलाही चालतो. 60 फ्रेमच्या मोडमध्ये मात्र फ्रेमलाच जेमतेम 16.7 मिलिसेकंद मिळतात, म्हणजे वाचन त्याहून लवकर उरकावंच लागतं. पाहुण्यांनी तेवढा एक मोड बदलला असता तर आमच्या कितीतरी रात्री वाचल्या असत्या.

एका दिशेने सलग फिरवलेल्या क्लिपमधला कल असा बऱ्यापैकी निघतो. पण ढोलवाला जवळ आणि इमारत लांब असेल, तर फिरवताना हातही सरकतो आणि दोघांचा कल वेगळा पडतो. एकाला सरळ केलं की दुसरा वाकतो. धावत्या रिक्षाचा तिरकेपणा तिच्या स्वतःच्या वेगाचा असतो, तोही मागच्या खांबांच्या मापाने जात नाही. पॅनमध्ये पुसट झालेले चेहरे तर कोणताच टक्का परत आणत नाही.

लटपट हा त्याहून चिवट रोग. एका फ्रेमच्या आतच हात डावीकडे जाऊन उजवीकडे येतो, आणि चित्र बघून चालणाऱ्या सॉफ्टवेअरला मधली हालचाल अंदाजाने भरावी लागते. 2011 साली स्टॅनफर्डमध्ये अलेक्झांडर कार्पेंको आणि सहकाऱ्यांनी आयफोन 4 मधल्या जायरोस्कोपच्या नोंदी वापरून फोन नेमका कधी किती फिरला ते ओळीओळीला लावून दाखवलं. आजचं जायरोफ्लो त्याच वाटेने चालतं. अट इतकीच की जायरोची नोंद हाती हवी आणि क्लिप कच्ची हवी.

आणि कच्ची क्लिप हीच आता मिळत नाही. फोन स्वतःच चित्र स्थिर करून, कडा कापून, वाकवून देतो. कोणती ओळ कधी वाचली याचा माग त्यात पुसला जातो. जे वाकडं राहिलं ते वरून पुन्हा ओढलं की भलतीकडे ताणलं जातं. त्या दशकातले एडिटर आधी `Warp Stabilizer` लावून मग कल काढायला बसायचे, तेव्हाही हाच घोळ व्हायचा. कल आधी, स्थिर करणं नंतर, हे ओरडून माझा घसा बसला. आता फोनच तो उलटा क्रम लावून देतो आणि ओरडायला समोर माणूसही नसतो.

रीलवाले म्हणतात की उभ्या व्हिडिओत खांब सरळच येतात, म्हणजे रोग गेला. फोन उभा धरला की सेन्सरच्या ओळीही उभ्या होतात आणि वाचन आडवं चालतं. म्हणून खांब कलत नाहीत, पण एका बाजूला पॅन केला की माणसं रुंद होतात आणि दुसऱ्या बाजूला बारीक. त्यावर इलाज तोच, फक्त `Scan Direction` आडवी निवडायची. डावीकडून की उजवीकडून, हे दोन्ही लावून बघितल्यावरच कळतं, कारण चुकीच्या बाजूने लावलं तर रुंद माणूस आणखी रुंद होतो.